जिभेच्या मुळाशी: अरबी जड व्यंजनं शिकताना

अरबीत ‘साद’ म्हणजे त्याने सत्ता गाजवली आणि ‘स़ाद’ म्हणजे त्याने शिकार केली. (ज्या अरबी ध्वनीला मराठीत अक्षर नाही, त्याच्या सर्वांत जवळच्या अक्षराखाली मी इथे टिंब दिलं आहे.) पहिल्यात सीन आहे, दुसऱ्यात स़ाद. मराठी कानाला दोन्ही ‘स’च वाटतात. अरबी भाषकाला मात्र त्यांच्यात आपल्या ‘त’ आणि ‘ट’इतकं अंतर ऐकू येतं. त़ा, द़ाद आणि ज़ा ही स़ादची भावंडं. या चार व्यंजनांना अरबीत जड म्हणतात. त्या जडपणाला तफ़ख़ीम असा शब्द आहे आणि हलकेपणाला तरक़ीक़.

जॉर्डनमधल्या अम्मानला शिकायला गेले तेव्हा या चौघांची पुस्तकी व्याख्या मला पाठ होती. जिभेचं टोक ‘स’ किंवा ‘त’च्याच जागी राहतं आणि त्याच क्षणी जिभेचं मूळ मागे, घशाच्या भिंतीकडे सरकतं. मुख्य कृती पुढे, जोडकृती मागे. बहुतेक पुस्तकं या जोडकृतीला ग्रसनीकरण म्हणतात, म्हणजे घशाची नळी आवळणं. या एका शब्दामुळे माझा बराच काळ चुकीच्या जागी गेला. ती योग्य जागा कशी सापडली, ते सांगण्यासाठी हे लिहिते आहे. जडपणा नेमका कुठे असतो हे एकदा घशाला कळलं की पुढची वाट निदान दिसू लागते.

माझ्या उस्ताझा, म्हणजे शिक्षिका, अम्मानच्याच. आईवडिलांकडून पॅलेस्टाइनी बोली, शाळेतून प्रमाण अरबी. त्यांनी जड अक्षरं लांबणीवर टाकली. आधी ह़ा, ऐन आणि क़ाफ पक्के करायचे, असं त्यांचं म्हणणं. घशात दोन वेगळ्या जागा आहेत, त्या वेगवेगळ्या ओळखता आल्याशिवाय स़ादला हात लावू नकोस, असं त्या सांगत. त्यांच्या या क्रमाचं महत्त्व मला पुढे पटत गेलं.

क़ाफ तुलनेने लवकर आला. मराठी ‘क’ला जीभ मऊ टाळूला टेकते. क़ाफला तिचा मागचा भाग आणखी मागे जाऊन पडजिभेला टेकतो. उस्ताझांनी घोरायला सांगितलं. घोरताना जिथे थरथर जाणवते, ती जागा धरून ठेवायची, श्वास अडवायचा आणि तिथूनच ‘का’ सोडायचा. आरशात पाहिलं तर ‘की’ म्हणताना जीभ पुढे उंच दिसते, ‘का’ म्हणताना थोडी मागे, आणि क़ाफला पुढची सगळी जीभ खाली बसून पडजीभ दिसेनाशी होते. अम्मानच्या रस्त्यावर हा क़ाफ फारसा ऐकू येत नाही. शहरी घरांत त्याच्या जागी नुसता स्वरयंत्राचा झटका येतो आणि ‘क़ल्ब’चं ‘अल्ब’ होतं. मूळ जॉर्डनी पुरुषांच्या तोंडी तो ‘ग’ असतो. पण ‘क़ुरआन’, ‘क़ानून’ अशा शब्दांत सगळेच पडजिभेचा क़ाफ काढतात, त्यामुळे ऐकायला मिळतो.

ख़ा आणि ग़ैन त्याच परिसरातले. तिथे जीभ टेकत नाही, फट ठेवते आणि हवा घासत जाते.

ह़ा आणि ऐन यांची जागा याच्या बरीच खाली आहे. इथे जिभेचा पाठचा उंचवटा कामाचा नाही. जिभेचं मूळ आणि त्याला लागून असलेलं श्वासनळीच्या तोंडावरचं झाकण, म्हणजे एपिग्लॉटिस, हे दोन्ही मागे जातात आणि घसा अगदी तळाशी अरुंद होतो. ह़ा अघोष आहे, म्हणजे त्यात स्वरयंत्राची थरथर नसते. आपला ‘ह’ मोकळ्या घशातून जातो, ह़ा त्या अरुंद जागेतून घासत जातो, म्हणून कोरडा आणि तीक्ष्ण लागतो. उस्ताझांनी मला कुजबुजत ‘हा’ म्हणायला लावलं आणि म्हणतानाच हनुवटी मानेकडे ओढायला सांगितली. त्याने घसा आपोआप आवळतो आणि ‘ह’ची धार बदलते. ती धार लक्षात ठेवून मग हनुवटी हळूहळू वर आणायची. ऐन म्हणजे त्याच जागेचा सघोष ध्वनी. पुस्तकं त्याला घर्षक म्हणतात, पण मी ऐकलेल्या बहुतेकांच्या ऐनात घर्षण जवळजवळ नसतंच. स्वरच क्षणभर चिमटल्यासारखा होतो आणि आवाज किंचित किरकिरतो.

ऐन काढताना घशावर पुढून बोट ठेवलं की स्वरयंत्र वर उचललं गेल्याचं बोटाला कळतं. क़ाफला तसं होत नाही. ही छोटी खूण लक्षात ठेवा, पुढे तिचा उपयोग आहे.

मग स़ादची पाळी आली. ग्रसनीकरण हा शब्द डोक्यात पक्का, आणि घसा आवळणं म्हणजे काय हे ऐनने नुकतंच शिकवलेलं. त्यामुळे मी ‘स’ म्हणता म्हणता ऐनसारखा घसा आवळायला लागले. उस्ताझा दर वेळी मान हलवून ‘नाही’ म्हणत. मला सीनपेक्षा वेगळं काहीतरी ऐकू येत होतं, घसाही दुखत होता, म्हणजे मेहनत कमी नव्हती. पण त्यांच्या कानाला ते स़ाद वाटत नव्हतं. ‘तू एका चिडलेल्या सीनचा उच्चार करते आहेस,’ असं त्या म्हणाल्या.

इथे मी प्राटकडे वळले. ध्वनीचं विश्लेषण करणारा हा मोफत प्रोग्राम आहे. अ‍ॅमस्टरडॅम विद्यापीठातल्या पॉल बूर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी तो तयार केला. त्यात रेकॉर्डिंग उघडलं की स्वरांच्या पट्ट्या, म्हणजे फॉर्मंट, दिसतात. तोंडातल्या आणि घशातल्या पोकळ्या काही ठरावीक कंपनांना उठाव देतात, त्या जागी हे काळे पट्टे उमटतात. इथे आपल्याला खालचे दोनच हवेत. तोंड जितकं उघडं आणि घसा जितका आवळलेला, तितका पहिला पट्टा वर जातो. दुसरा पट्टा साधारणपणे जीभ पुढे असली की वर आणि मागे असली की खाली असतो. ‘ई’ला तो सर्वांत वर, ‘ऊ’ला खाली. स्त्रियांच्या आवाजासाठी प्राटमध्ये फॉर्मंटची कमाल मर्यादा ५५०० हर्ट्झ ठेवावी लागते, पुरुषांच्या आवाजासाठी ५०००. ही मर्यादा चुकली की प्रोग्राम दोन पट्ट्यांना एक समजतो किंवा नसलेला पट्टा दाखवतो, त्यामुळे आकडे वाचण्याआधी पट्टे डोळ्यांनी पाहून घ्यावेत.

उस्ताझा आणि मी दोघींनी ‘साद’ आणि ‘स़ाद’ म्हटलं आणि मी आकाराच्या मधोमध दोन्ही पट्टे मोजले. त्यांच्या ‘साद’मध्ये दुसरा पट्टा सुमारे १८०० हर्ट्झवर होता, ‘स़ाद’मध्ये १२००च्या आसपास. व्यंजन बदललं होतं आणि स्वर ६०० हर्ट्झ खाली उतरला होता. त्यांचा पहिला पट्टा मात्र जेमतेम हलला. माझ्या ‘साद’मध्ये दुसरा पट्टा १४५०वर, आणि घसा आवळून म्हटलेल्या ‘स़ाद’मध्ये १४००वर. म्हणजे जवळजवळ तिथेच. माझा पहिला पट्टा मात्र ८००वरून साडेनऊशेच्या वर गेला होता. जो पट्टा हलायला हवा होता तो माझा जागचा हलत नव्हता आणि जो स्थिर राहायला हवा होता तो वर जात होता.

याचं कारण शोधताना ध्वनिशास्त्रातली एक जुनी, सोपी आकृती कामी आली. स्वरयंत्रापासून ओठांपर्यंतचा मार्ग एक सरळ नळी माना, तळाशी बंद आणि ओठांशी उघडी. मोठ्या माणसात तिची लांबी सुमारे १७ सेंटिमीटर असते. दुसऱ्या पट्ट्याच्या कंपनात या नळीत दोन जागी हवेची हालचाल सर्वांत जास्त असते. एक जागा ओठांपाशी, दुसरी तळापासून एक तृतीयांश अंतरावर, म्हणजे स्वरयंत्राच्या वर साधारण साडेपाच ते सहा सेंटिमीटरवर. हवा जिथे जास्त हलते तिथे नळी अरुंद केली की पट्टा खाली येतो. जिथे हवा हलत नाही आणि दाब जास्त असतो, तिथे अरुंद केली की पट्टा वर जातो. तळापासून एक तृतीयांशावरची ती जागा म्हणजे घशाचा वरचा भाग, पडजिभेच्या जरा खाली. तिथे जीभ मागे नेली तर दुसरा पट्टा कोसळतो. आणखी खाली, एपिग्लॉटिसपाशी घसा आवळला, तर दुसऱ्या पट्ट्याच्या दृष्टीने तिथे हवा फारशी हलतच नसते, म्हणून तो उतरत नाही. पहिल्या पट्ट्यासाठी मात्र तळाजवळ दाबाची जागा असल्यामुळे तो वर उसळतो. माझ्या रेकॉर्डिंगमधले आकडे हेच सांगत होते. मी बरोबर कृती करत होते, पण ती काही सेंटिमीटर खाली होत होती. जड व्यंजनांची जोडकृती ऐनच्या जागेपेक्षा क़ाफच्या जागेला जवळची आहे.

हा निष्कर्ष माझा एकटीचा नाही. १९७७मध्ये सालेम ग़ज़ेली यांनी ट्युनिशियाच्या अरबी बोलीची क्ष-किरण चित्रं घेऊन पाहिलं होतं. जड व्यंजनांना जीभ घशाच्या वरच्या भागात, मानेच्या दुसऱ्या मणक्याच्या पातळीवर मागे जाते आणि तिचा मधला भाग खाली दबतो. ऐन आणि ह़ा यांचं आवळणं त्याच्या खाली असतं. अम्मानच्या बोलीवर बुशरा ज़वायदेह यांचा १९९९चा प्रबंध आहे. त्यांनी नाकावाटे बारीक कॅमेरा घशात उतरवून नळीची रुंदी पाहिली. पडजिभेची व्यंजनं, घशाची व्यंजनं आणि जड व्यंजनं या तिन्ही गटांत घसा अरुंद होतो. साधा ‘ह’ आणि स्वरयंत्राचा झटका यांत होत नाही. म्हणून ग्रसनीकरण हा शब्द अगदी खोटाही नाही, घसा खरोखरच आवळतो. पण शिकणाऱ्याला त्या शब्दावरून उंची कळत नाही, आणि उंचीच सगळं ठरवते. काही अभ्यासक याला पडजिभीकरण म्हणणं पसंत करतात. मला तेच जास्त उपयोगी वाटतं.

हे सगळं मी उस्ताझांना सांगितलं, तेव्हा त्या मला त्यांच्या मावशीकडे घेऊन गेल्या. मावशी घरी मुलींना तजवीद शिकवतात, म्हणजे कुराणपठणातल्या उच्चारांचे नियम. त्यांना फॉर्मंट वगैरे काही सांगावं लागलं नाही. त्या म्हणाल्या, जड अक्षरं सात. ख़ा, स़ाद, द़ाद, ग़ैन, त़ा, क़ाफ, ज़ा. मुलींनी ती एका छोट्या वाक्प्रचारात पाठ केलेली असतात. मी विचारलं, ‘आणि ऐन? ह़ा?’ त्यांनी लगेच उत्तर दिलं, ‘ती हलकी. त्यांच्यानंतरचा आकार पातळच काढायचा.’

मला त्या क्षणी फार आनंद झाला. तजवीदच्या परंपरेने पडजिभेजवळची तीन अक्षरं आणि जड चार अक्षरं एकाच गटात ठेवली आहेत. घशाच्या तळाची दोन अक्षरं त्या गटाबाहेर ठेवली आहेत. या सातांना ‘वर जाणारी’ अक्षरं म्हणतात, कारण त्यांना जिभेचा मागचा भाग टाळूच्या दिशेने वर जातो. आठव्या शतकात बसऱ्यात शिकलेला व्याकरणकार सीबवैह यानेही त्यातल्या जड चार अक्षरांसाठी वेगळा शब्द योजला आहे, इत़बाक़, म्हणजे झाकण घालणं. जीभ वरच्या टाळूसमोर झाकणासारखी पसरते आणि आवाज त्या दोहोंमध्ये कोंडला जातो, असं तो सांगतो. हे झाकण नसतं तर स़ादचा सीन झाला असता, आणि द़ाद भाषेतून नाहीसाच झाला असता, कारण त्याच्या जागेवरून दुसरं कुठलं अक्षर निघत नाही. जोडकृती काढून घेतली तर मागे काय उरतं, हे त्याने निव्वळ जिभेवरच्या जाणिवेतून सांगितलं आहे.

मावशींनी मग ‘ह़ाल’ आणि ‘ख़ाल’ म्हणायला लावलं. ह़ाल म्हणजे स्थिती, ख़ाल म्हणजे मामा. ‘ह़ाल’मधला आकार त्यांच्या तोंडी जवळजवळ ‘हॅल’सारखा पुढे आलेला, ‘ख़ाल’मधला मागे आणि खोल. ‘स़ाद’चा आकार ‘ख़ाल’च्या आकाराच्या जातीचा. इतके दिवस मी त्याला ‘ह़ाल’च्या घशातून काढत होते.

यानंतर सरावाची पद्धत बदलली. मी लांब ‘स’ धरायचे, स्सस्स, जिभेचं टोक दातांमागे जागचं न हलवता. मग जिभेचा मागचा भाग क़ाफ म्हणायला निघाल्यासारखा न्यायचा, पण टेकवायचा नाही. टोक पुढे खाली, मधला भाग दबलेला, मागचा भाग वर आणि मागे. जीभ पळीसारखी खोलगट होते. हे बरोबर झालं तर ‘स’चा सिसकाराच किंचित गडद होतो, आणि पुढे ‘आ’ सोडला की तो आपसूक मागून निघतो. घशावर बोट ठेवलेलं असायचं. स्वरयंत्र वर उचललं गेलं की समजायचं, परत ऐनच्या जागी गेलो. ते जागचं राहिलं तर ठीक. ओठ थोडे पुढे आले तरी हरकत नाही, अनेक अरबी भाषकांचे येतात, पण ओठांवरच काम भागवू नये. नुसते ओठ गोल केल्यानेही दुसरा पट्टा उतरतो. मग मागची कृती झाली नसतानाही ती झाल्यासारखी वाटते.

पुढच्या रेकॉर्डिंगमध्ये माझ्या ‘स़ाद’चा दुसरा पट्टा साडेअकराशेच्या आसपास आला, पहिला ८००च्या थोडा वर. उस्ताझांनी ऐकून मान डोलावली. तरीही त्यांना अजून काहीतरी खटकत होतं. ‘स़ाद बरोबर आहे, पण तुझा साद अजून अर्धा स़ाद आहे,’ असं त्यांनी सांगितलं.

ही अडचण खास आपली आहे. मराठी ‘आ’ तोंडाच्या मध्यावर बसतो. माझ्या ‘साद’चा पट्टा १४५०वर होता तो यामुळेच. अम्मानच्या हलक्या आकाराची जागा त्याच्यापुढे आहे, ‘बॅट’मधल्या ‘ॲ’च्या दिशेला, आणि जड आकाराची त्याच्या मागे. आपला ‘आ’ या दोहोंच्या बरोबर मध्ये पडतो, त्यामुळे ऐकणाऱ्याला कुठलाच नीट लागत नाही. जड व्यंजन शिकायचं म्हणजे त्याचं हलकं जोडीदार व्यंजनही नव्याने शिकायचं. मी ‘साद’ला जवळजवळ ‘सॅद’ म्हणायला लागले. मला ते अवघडल्यासारखं वाटायचं, उस्ताझांना अगदी साधं वाटायचं. दोन आकारांतलं अंतर वाढलं, आणि मग जड बाजूला फार ताणायची गरजही कमी झाली.

त़ाच्या बाबतीत आपल्याला दुसरा एक मोह होतो. ‘त’पेक्षा जाड काहीतरी हवं म्हटलं की मराठी जीभ लगेच ‘ट’कडे वळते. अम्मानमध्ये भेटलेले दक्षिण आशियातले बरेच विद्यार्थी त़ाच्या जागी ‘ट’ म्हणताना मी ऐकले. पण ‘ट’ला जिभेचं टोक वर वळून टाळूकडे जातं, मागचा भाग मोकळाच राहतो. त़ाला टोक दातांशीच असतं. प्राटमध्ये हे लगेच कळतं, कारण ‘ट’च्या शेजारी तिसरा पट्टा खाली झुकतो आणि त़ाच्या शेजारी झुकत नाही. अरबी कानाला मूर्धन्य ‘ट’ जड वाटत नाही, परका वाटतो.

इथे मराठी ‘त’ एका बाजूने मदतही करतो. जॉर्डनच्या बोलीत साध्या ता-नंतर थोडा श्वास सुटतो, स्वर सुरू व्हायला जरा उशीर होतो. त़ानंतर मात्र स्वर जवळजवळ ताबडतोब सुरू होतो. आपला ‘त’ही असाच, श्वास न सोडणारा. म्हणजे वेळेच्या बाबतीत आपला ‘त’ हा आधीच त़ासारखा आहे. शिकणाऱ्याला त्यात फक्त मागची कृती घालायची असते. आणि साध्या ता-ला ‘थ’च्या बाजूला किंचित, अगदी किंचित सरकवायचं असतं.

ऐकणारा खरोखर कशावरून ओळखतो, व्यंजनावरून की स्वरावरून, हे मला पक्कं करायचं होतं. मी उस्ताझांचे ‘सेफ’, म्हणजे तलवार, आणि ‘स़ेफ’, म्हणजे उन्हाळा, हे शब्द रेकॉर्ड केले. (लिखित अरबीत ते सैफ आणि स़ैफ, बोलीत त्यातल्या ऐकाराचा लांब एकार होतो.) प्राटमध्ये सिसकारा संपून स्वर सुरू होतो तिथे, लहर शून्यरेषा ओलांडते त्या बिंदूवर, दोन्ही शब्द कापले. बिंदू चुकला तर सांध्यावर टक् असा आवाज येतो आणि ऐकणाऱ्याला कळतं की काहीतरी जोडलंय. मग एकाचा सिसकारा दुसऱ्याच्या स्वराला लावला. खालच्या मजल्यावर राहणाऱ्या आजींच्या नातवंडांसमोर एका कागदावर तलवार आणि दुसऱ्यावर सूर्य काढून ठेवला, आणि ऐकलं की बोट ठेवायला सांगितलं. सीनचा सिसकारा आणि जड स्वर असलेल्या शब्दाला मुलांनी सूर्य दाखवला. स़ादचा सिसकारा आणि हलका स्वर असलेल्या शब्दाला तलवार. मुलं स्वराच्या मागे गेली. आजीही.

म्हणून आता कुणाला शिकवताना मी व्यंजनापासून सुरुवात करत नाही. आधी पुढचा आकार आणि मागचा आकार वेगळे काढायला लावते, नुसते स्वर. मग त्यांच्या आधी ‘स’ लावायचा. मागच्या आकाराची तयारी करत ‘स’ म्हटला की जीभ आपोआप स़ादच्या आकारात येते.

इकारापुढे मात्र ही युक्ती चालत नाही. तीन म्हणजे अंजीर, त़ीन म्हणजे चिखल. ‘ई’ला जीभ पुढे आणि उंच हवी, जडपणाला मागे. दोन्ही एकाच वेळी होऊ शकत नाही. मग काय होतं? उस्ताझांच्या ‘त़ीन’मध्ये दुसरा पट्टा स्वराच्या सुरुवातीला १३००च्या जवळ खाली असायचा आणि मग चढत चढत ई-च्या जागी, २५००च्या वर पोचायचा. ‘तीन’मध्ये तो सुरुवातीपासूनच वर. कानाला हे ‘त़’ आणि ‘ई’च्या मध्ये निसटत्या ‘अ’सारखं लागतं, जवळजवळ ‘त़अीन’. शिकणारे इथे पूर्ण ‘ई’च मागे ओढायचा प्रयत्न करतात आणि तो ‘इ’ही राहत नाही, ‘अ’ही होत नाही. ‘ई’ला शेवटी तिच्या जागेवर पोचू द्यायचं, फक्त उशिरा निघू द्यायचं.

जडपणा शेजाऱ्यांवर पसरतो हे एव्हाना कळलं होतं. किती दूरपर्यंत, हे मला ‘अ़त़शान’ या शब्दाने शिकवलं. तहानलेला, असा त्याचा अर्थ. अम्मानच्या उन्हाळ्यात रोज वापरायचा शब्द. मी तो सबंध जड म्हणायचे. कैरोच्या एका मैत्रिणीला ते बरोबर वाटायचं, कारण कैरोच्या बोलीत जडपणा बहुतेक सगळा शब्द व्यापतो. उस्ताझा मात्र थांबवायच्या. त्यांच्या तोंडी पहिला ‘अ’ खोल, त़ जड, आणि ‘श’नंतरचा आकार एकदम हलका, जवळजवळ ‘शॅन’. स्टुअर्ट डेव्हिस यांनी १९९५मध्ये दक्षिण पॅलेस्टाइनच्या बोलीबद्दल नेमकं हेच मांडलं. तिथे जडपणा मागे, म्हणजे शब्दाच्या सुरुवातीकडे, विनाअडथळा पसरतो. पुढे पसरताना मात्र इ, य, श आणि ज यांच्यापाशी अडतो. या चौघांनाही जिभेचा पुढचा भाग टाळूकडे उंच लागतो. जीभ एकदा पुढे चढली की मागची कृती टिकत नाही आणि पुढचा आकार सुटतो. मागच्या दिशेला असा अडथळा का नाही, याचं मला पटलेलं कारण असं की येणाऱ्या व्यंजनाची तयारी माणूस आधीपासूनच करत असतो. त़ यायचा आहे हे माहीत असल्यामुळे जीभ ‘अ’पासूनच मागे बसते.

‘स़बाह़’, म्हणजे सकाळ, या शब्दात वाटेत कुणीच अडवणारं नाही, म्हणून दोन्ही स्वर जड. शेवटचा ह़ा स्वतः हलका आहे, पण आकार स़ादच्या हुकमात राहतो. ‘स़य्याद’, म्हणजे शिकारी, यात ‘य’ आडवा येतो. पहिला ‘अ’ जड, नंतरचा ‘आ’ हलका. एकाच शब्दात दोन आकारांच्या जाती एकापाठोपाठ काढायला लागतात, म्हणून हा शब्द मी अजूनही सरावाच्या यादीत सर्वांत वर ठेवते. तो ठीक झाला की नाही हे पाहायला प्राट लागत नाही. तो रेकॉर्ड करून उलटा वाजवायचा. आधी पुढचा आकार आणि नंतर मागचा असे दोन वेगळे ऐकू आले, तर जीभ ‘य’पाशी सुटली होती. दोन्ही मागचेच ऐकू आले, तर ती शेवटपर्यंत मागेच अडकून राहिली होती. शब्दातला पहिला ‘अ’च हलका लागला, तर स़ादच झाला नव्हता, आणि परत लांब ‘स’ धरून सुरुवात करायची.